साबण न होणारी चरबी

२३ डिसेंबर २०२१ रोजी वाराणसीजवळ करखियाँव इथे मोठ्या डेअरी संकुलाची पायाभरणी झाली. त्याच कार्यक्रमात आणखी एक कोनशिला बसली आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. गंगेच्या पलीकडच्या तीरावर, काशीनरेशांच्या किल्ल्यासाठी आणि महिनाभर चालणाऱ्या रामलीलेसाठी प्रसिद्ध असलेल्या रामनगरात दूध उत्पादक सहकारी संघाची डेअरी आहे. ही दुसरी कोनशिला त्या डेअरीसाठी बायोगॅसवर वीज तयार करणाऱ्या प्रकल्पाची होती. शेण टाकीत जायचं, त्यातून गॅस निघायचा आणि त्या गॅसवर डेअरीला वीज मिळायची, अशी ती योजना.

गोबरगॅस आपल्याला नवा नाही. एक किलो ताज्या शेणातून साधारण चाळीस लिटर गॅस मिळतो, म्हणजे एक टन शेणातून चाळीस घनमीटर. त्यात पंचावन्न ते साठ टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. हे हिशेब खादी ग्रामोद्योगाच्या पत्रकांतून पाठ झालेले असतात. तो मिथेन बनवतं कोण, असं विचारलं तर मात्र नव्वद टक्के लोक ‘जंतू’ किंवा ‘बॅक्टेरिया’ म्हणतील. शंभर वर्षं शास्त्रज्ञही तेच म्हणत होते. ते चुकत होते, आणि त्यांची चूक उघड करणारा पुरावा शेणात सापडला नाही. तो खारवलेल्या माशांत, कोळशाच्या धुमसत्या ढिगात आणि एका गावाच्या सांडपाण्यात विखुरलेला होता.

आधी टाकीत काय चालतं ते पाहू. शेण आणि पाणी निम्मं-निम्मं कालवून हवाबंद टाकीत सोडलं की पहिले कामाला लागतात ते जिवाणू. गाईच्या पोटातून वाचलेले तंतू, म्हणजे सेल्युलोज आणि त्याची भावंडं, ते फोडतात. त्यातून साखरा होतात आणि साखरांची आम्लं होतात. जिवाणूंचीच दुसरी फळी ही आम्लं कुरतडून ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड इथवर आणते. इथे जिवाणूंची मजल संपते. यापुढचं काम, ॲसिटिक आम्लाचे दोन तुकडे करणं किंवा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून मिथेन काढणं, करतात ते आर्किया, म्हणजे जिवाणूंहून वेगळ्याच कुळातले सूक्ष्मजीव. टाकीतला सुमारे दोन तृतीयांश मिथेन ॲसिटिक आम्लातून येतो, उरलेला हायड्रोजनच्या वाटेनं. सूक्ष्मदर्शकाखाली दोघंही कांड्या नि गोळे, सारख्याच मापाचे आणि केंद्रक नसलेले. डोळ्यांनी वेगळे ओळखणं अवघड, म्हणूनच शंभर वर्षांचा गोंधळ झाला.

या गॅसची नोंद खूप जुनी आहे. १७७६ च्या नोव्हेंबरात आलेस्सांद्रो व्होल्टानं लागो माजोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीनं ढवळला, वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि ते पेटतात हे दाखवलं. भारतातली गोष्ट मुंबईत सुरू होते. माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्याच्या टाकीतला गॅस धरून १८९७ च्या सुमारास दिवे लावले गेले. जगभरच्या बायोगॅस पुस्तकांत ‘मुंबईच्या कुष्ठरोगी वसाहतीत १८५९ मध्ये पहिली टाकी’ असं वाक्य एकमेकांवरून उतरवलेलं दिसतं. ज्या आश्रमाचा हा उल्लेख आहे तो, आजचं ॲकवर्थ रुग्णालय, १८९० मध्ये सुरू झाला. एकतीस वर्षं आधी तिथे टाकी असणं शक्य नाही. पण छापील साल सहसा मरत नाही. पुढे १९३९ मध्ये भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाईंनी शेणावर प्रयोग केले आणि १९५१ मध्ये जशभाई पटेलांची तरंगत्या टाकीची रचना आली. साठच्या दशकात खादी आयोगानं ती उचलली. आपल्याकडच्या अनेक वाड्यांमागे दिसणारी वर-खाली होणारी लोखंडी टोपी हिच्याच वंशातली.

टाकीच्या आतल्या जीवाचा शोध मात्र रेंगाळला. १९०६ मध्ये डेल्फ्टमध्ये सोन्गेननं हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड खाऊन मिथेन सोडणारे सूक्ष्मजीव दाखवले. त्यानंतर ‘मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की’ नावाचा जीव मोठा मानाचा झाला, कारण तो अल्कोहोलपासून मिथेन बनवतो असं दिसत होतं. १९६७ मध्ये ब्रायंट, वोलिन आणि वुल्फ यांनी दाखवलं की हा एक जीवच नव्हे. एक जिवाणू अल्कोहोलमधून हायड्रोजन काढतो आणि दुसरा जीव तो हायड्रोजन लगेच खातो. हायड्रोजन साचला तर पहिल्याचं काम थांबतं, म्हणून दोघं एकमेकांना सोडत नव्हते आणि शुद्ध संवर्धन म्हणून दशकानुदशकं एकाच नावानं वावरत होते. शेणाच्या टाकीत आजही हेच चालतं. भागीदार वेगळे काढता आले, पण दोघांची जात वेगळी असेल अशी शंका तेव्हा कुणालाच आली नाही.

आता टाकी बाजूला ठेवून कॅनडाच्या किनाऱ्यावर जाऊ. खारवलेला कॉड मासा कोठारात लाल पडे आणि व्यापाऱ्यांचं नुकसान होई. या लालीवर १९२० च्या दशकापासून काम चालू होतं. तिचं मूळ मिठातच जगणारे जीव आहेत, ते समुद्राच्या मिठाबरोबर येतात आणि मीठ कमी केलं तर फुटून मरतात, हे कळलं होतं. ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये मॉरिस केट्स आणि सहकाऱ्यांनी अशा एका मीठप्रेमी जीवाची चरबी तपासायला घेतली. १९६२ च्या त्यांच्या निबंधापासून या मागोव्याचं खरं सूत्र हाती लागतं.

चरबी तपासण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे तिचा साबण करणं. कॉस्टिक सोड्यात उकळलं की तेल-तुपातली मेदाम्लं ग्लिसरॉलपासून सुटतात आणि सोड्याला जुळून साबण होतात. जिवाणूंच्या पेशीपटलातली चरबी याच जातीची आहे: ग्लिसरॉलचा लहान कणा आणि त्याला एस्टर बंधानं टांगलेल्या मेदाम्लांच्या दोन सरळ शेपट्या. गाय, आंबा, माणूस आणि कॉलराचा जिवाणू, सगळ्यांकडे हीच व्यवस्था. केट्सच्या मीठप्रेमी जीवाची चरबी मात्र सोड्यात उकळूनही फुटेना. तिच्यात मेदाम्लं जवळपास नव्हतीच. त्यांच्या जागी वीस कार्बनच्या साखळ्या होत्या आणि दर चौथ्या कार्बनवर एक छोटी फांदी फुटलेली. या साखळ्या ग्लिसरॉलला इथर बंधानं जोडलेल्या होत्या, आणि इथर बंध अल्कलीला दाद देत नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट पुढे आली. ग्लिसरॉलवर फॉस्फेट ज्या बाजूला बसतं ती बाजूही उलटी होती. जिवाणूंचं आणि आपलं ग्लिसरॉल उजव्या हातासारखं धरलं, तर याचं डाव्या हातासारखं. कितीही फिरवलं तरी एक दुसऱ्यावर बसत नाही. हे बारीक वाटेल, पण सगळ्यांत भक्कम पुरावा हाच ठरला. डावं आणि उजवं ग्लिसरॉल-फॉस्फेट बनवणारी विकरं एकमेकांची नातेवाईकसुद्धा नाहीत. फांद्या नि इथर बंध गरजेपोटी पुन्हापुन्हा निर्माण होऊ शकतात. ही दिशा गरजेपोटी बदलल्याचं उदाहरण नाही.

तेव्हा मात्र हे सगळं मिठाचं कौतुक समजलं गेलं. खारट जागेत राहणाऱ्याची चरबीही चमत्कारिक असणार, एवढंच. १९७० मध्ये टॉमस ब्रॉकच्या गटाला इंडियानातल्या कोळशाच्या टाकाऊ ढिगात थर्मोप्लाझ्मा सापडला. आतून तापणाऱ्या या ढिगात तो सुमारे ५९ अंशांवर, लिंबाच्या रसाइतक्या आंबट वातावरणात आणि पेशीभिंतीशिवाय जगत होता. त्यानंतर यलोस्टोनच्या उकळत्या आम्ल झऱ्यांत सल्फोलोबस मिळाला. टॉमस लँगवर्दी यांनी या जीवांची चरबी पाहिली, तर तिथेही तोच इथर आणि त्याच फांद्या. शिवाय दोन वीस-वीसच्या साखळ्या टोकाला टोक जुळून चाळीस कार्बनची एकच साखळी झाली होती, दोन्ही टोकांना ग्लिसरॉल घेऊन. जिवाणूचं पटल दोन थरांचं असतं आणि शेपट्या मध्ये एकमेकींसमोर येतात. इथे एकच रेणू आरपार जातो. गोठवून तोडलं तर जिवाणूचं पटल मधोमध सोललं जातं. या उष्णप्रेमींचं तसं सोललं जात नाही, कारण सुटायला मध्ये दोन थरच नसतात. ऐंशी अंशांच्या आंबट पाण्यात हायड्रोजनचे आयन आत घुसू नयेत म्हणून हे पटल किती उपयोगी, ते वेगळं सांगायला नको.

मीठ, कोळसा आणि उकळता झरा, तीन ठिकाणी एकच चरबी. ब्रॉकनं याचं उत्तर दिलं की वेगवेगळ्या कुळांनी कठीण परिस्थितीत एकच उपाय स्वतंत्रपणे शोधला असावा. तेव्हाच्या माहितीवर ते शहाणपणाचं उत्तर होतं. फक्त मीठ आणि आम्लयुक्त उष्णता यांवर एकच उपाय का चालावा, हा प्रश्न त्यात सुटत नव्हता. शिवाय मिथेनवाल्यांची चरबी अजून कुणी नीट पाहिलीच नव्हती, आणि ते तर ना मिठात राहत ना उकळत्या आम्लात.

उत्तर इलिनॉयमधल्या अर्बाना या गावातून आलं. राल्फ वुल्फच्या प्रयोगशाळेनं तिथल्या सांडपाण्याच्या गाळातून मिथेन बनवणारा एक उष्णप्रेमी जीव आधीच वेगळा केला होता. त्याच विद्यापीठात कार्ल वूस रायबोसोममधल्या १६ एस आरएनएचे तुकडे पाडून जीवांची नाती लावत होता. प्राणवायूचा थेंबही न चालणारे हे जीव किरणोत्सारी फॉस्फरस पाजून वाढवायचे, म्हणजे अवघडच काम. वुल्फचा विद्यार्थी विल्यम बाल्च यानं बंद, दाबाच्या बाटल्यांत ते जमवलं. १९७६ मध्ये जे तुकडे हाती आले त्यांत जिवाणूंत हमखास सापडणाऱ्या खुणाच नव्हत्या. १९७७ च्या नोव्हेंबरात वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी मांडलं की जिवाणू आणि केंद्रकवाले जीव यांखेरीज हे तिसरंच कूळ आहे. मग ज्यांची चरबी विचित्र ठरली होती त्या मीठप्रेमी नि उष्णप्रेमींचंही आरएनए तपासलं गेलं, आणि तेही याच कुळात निघाले. लँगवर्दी आणि टॉर्नाबीन यांनी १९७८-७९ मध्ये मिथेनवाल्यांची चरबी काढली. तिच्यातही तोच इथर आणि तीच चाळीस कार्बनची साखळी निघाली. केट्सच्या माशापासून लागलेला धागा शेणापर्यंत पोहोचला तो इथे.

म्युनिकचा ओटो कँडलर याच वेळी भिंतीच्या बाजूनं तिथेच पोहोचला होता. जिवाणूची पेशीभिंत म्हणजे साखरेच्या लांब धाग्यांना अमिनो आम्लांच्या आखूड पुलांनी जोडलेली जाळी. त्या धाग्यात म्युरॅमिक आम्ल नावाचा घटक असतो आणि पुलांत निसर्गात अन्यत्र क्वचितच दिसणारी उलट्या घडणीची अमिनो आम्लं. पेनिसिलिन हे पूल बांधू देत नाही, आणि अश्रूंतलं नि अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम धागाच कापतं. कँडलरला मिथेनवाल्यांच्या भिंतीत म्युरॅमिक आम्ल सापडलं नाही. गाईच्या रवंथाच्या पोटात राहणाऱ्या मिथॅनोब्रेव्हिबॅक्टरची भिंत दिसते जाळीचीच. ग्रॅम रंगही जिवाणूसारखाच धरते, म्हणूनच इतकी वर्षं तो जिवाणूंत खपला. पण तिच्यात म्युरॅमिकऐवजी वेगळं आम्ल आहे, साखरांची जोड वेगळी आहे आणि पुलांतली अमिनो आम्लं सरळ घडणीची आहेत. लायसोझाइमला तिथे कापायला जागाच सापडत नाही. टाकीतला दुसरा कष्टकरी मिथॅनोसार्सिना गठ्ठ्यांनी राहतो आणि त्याच्या अंगाभोवतीचं कवच आपल्या कूर्चेतल्या पदार्थासारखं आहे. मीठप्रेमींकडे जाळी नाहीच, फक्त प्रथिनांचा फरसबंद थर आहे आणि तो मिठाच्या जोरावर उभा राहतो. थर्मोप्लाझ्माकडे तर भिंतच नाही. जिवाणूंची भिंत बहुतेक एकाच आराखड्याची असते, आर्कियांकडे आराखडेच अनेक; या बाबतीत त्यांना एका वाक्यात बसवायचा मोह टाळलेला बरा.

या दोन टोकांची, शेणाची आणि मिठाची, गाठ महाराष्ट्रात एकाच संस्थेत पडली. पुण्याची महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, आताची आघारकर संशोधन संस्था, अनेक वर्षं शेण आणि भाजी मंडईच्या कचऱ्यापासून गॅस काढण्यावर काम करत आली आहे. तिच्याच संशोधकांनी आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रानं मिळून लोणार सरोवराच्या गाळातले मिथेनवाले वाढवून २००७ मध्ये त्यांची ओळख प्रसिद्ध केली. पुढे जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. सुरुवातीला अनेकांचा अंदाज शैवालाचा होता. नमुने आघारकरला आले तेव्हा तिथल्या तपासणीत रंग मीठप्रेमी आर्कियांचा निघाला. उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार दाट झाले आणि या जीवांचा गुलाबी थर पृष्ठावर आला. थर तळाशी बसला की रंग निवळतो.

लोणारचा क्षार जुन्या काळी साबण आणि काच बनवायला लागे. ‘ऐन-इ-अकबरी’तही त्याची नोंद आहे. गोष्टीतली गंमत इथे पुरेपूर आहे. ज्या पाण्याच्या क्षारानं कोणत्याही जिवाणूच्या वेगळ्या काढलेल्या चरबीचा साबण करता येईल, त्याच पाण्यात साबण न होणाऱ्या चरबीचे जीव आरामात पोहतात. अर्थात त्याच पाण्यात जिवाणूही आहेत, आणि सरोवराचा एरवीचा हिरवा रंग त्यांच्याच नील-हरित जातींचा. जिवंत पेशी आतला सामू सांभाळून असते. म्हणून इथर चरबी म्हणजे लोणारचा परवाना, असं समजू नये.

मग शेणाच्या कोमट, साध्या टाकीत अशा चरबीचा उपयोग काय? याचं मला सर्वांत पटणारं उत्तर डेव्हिड व्हॅलेंटाइन यांनी २००७ मध्ये दिलं. आर्कियांची खरी खासियत उष्णता किंवा मीठ नसून उपासमार आहे. मिथेन बनवण्यातून मिळणारी ऊर्जा इतकी तुटपुंजी असते की पटलातून आयन गळायला लागले तर पेशीचं दिवाळं निघेल. फांद्यांची, इथर बंधाची चरबी कमी गळते. या दृष्टीनं रामनगरची टाकीही टोकाची जागाच आहे, तापमानानं नव्हे तर मिळकतीनं.

तुटपुंज्या मिळकतीचा परिणाम टाकी चालवणाऱ्याला रोज भोगावा लागतो. आम्लं बनवणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात. ॲसिटिक आम्ल खाणाऱ्या आर्कियांना त्यासाठी एक-दोन दिवसांपासून आठवडाभरही लागतो. एखाद्या दिवशी शेणाबरोबर गोड, पातळ डेअरीचा कचरा जास्त पडला, तर जिवाणू भराभर आम्ल करून ठेवतात आणि खाणारे मागे पडतात. सामू ६.८ च्या खाली गेला की खाणारे आणखी मंदावतात. टाकी आंबली हे आधी नाकाला कळतं, मग शेगडीला: ज्योत फिकी पडते, विझते, कारण गॅसमधला कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो. उपाय साधा आहे. खाद्य थांबवायचं, हवा तर चुना घालायचा आणि मंद जीवांना वेळ द्यायचा. नव्या टाकीचा पहिला गॅसही म्हणूनच पेटत नाही.

थंडीचंही तसंच. बनारसला जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांखाली उतरतो. घरगुती टाक्यांच्या सरकारी मापात शेण टाकीत किती दिवस राहावं ते प्रदेशावर ठरतं: महाराष्ट्रासाठी तीस दिवस, उत्तर प्रदेशाच्या मैदानासाठी चाळीस, डोंगराळ भागासाठी पंचावन्न. हे जादा दिवस मुख्यतः सावकाश वाढणाऱ्यांसाठी आहेत. त्याआधी शेण बाहेर गेलं तर तेही त्याबरोबर वाहून जातात.

पेनिसिलिन दिलेल्या गाईचं शेण आलं तर काय होतं, हा भिंतीचा रोकडा हिशेब. आर्कियांना पेनिसिलिन लागू पडत नाही; प्रयोगशाळेत त्यांना शुद्ध करताना तर ते मुद्दाम घालतात, म्हणजे जिवाणू मरतात आणि हे उरतात. पण टाकीत हे उरून उपयोग नाही. त्यांना वाढणारे, म्हणजे ॲसिटिक आम्ल आणि हायड्रोजन पुरवणारे जिवाणूच मार खातात आणि गॅस घटतो. अशा वेळी दोष कुणाचा हे सूक्ष्मदर्शक सांगू शकतो. मिथेनवाल्यांत एक खास सहविकर असतं. जांभळा प्रकाश टाकला की त्यामुळे पेशी निळ्या-हिरव्या चमकतात, जिवाणू काळेच राहतात. चमकणारे भरपूर असून गॅस कमी असेल, तर उणीव बहुधा आधीच्या फळीत आहे.

चरबीची ही सीमारेषा किती पक्की? उष्ण झऱ्यांतल्या काही जिवाणूंकडेही इथर चरबी सापडली आहे, पण त्यांचं ग्लिसरॉल जिवाणूंच्याच हाताचं. मिठागरांच्या लाल पाण्यात आर्कियांच्या शेजारी सॅलिनिबॅक्टर नावाचा जिवाणूही सुखानं राहतो. अनेक वर्षं असं मानलं जाई की दोन्ही हातांचे रेणू एका पटलात राहिले तर ते डळमळेल, आणि म्हणून फार पूर्वी जीवांची दोन कुळं वेगळी झाली. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात आर्नोल्ड ड्रिसेन यांच्या गटानं आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूत आर्कियांची जनुकं घातली. त्याच्या पटलातली तीस टक्क्यांपर्यंत चरबी डाव्या हाताची, इथर बंधाची झाली. जिवाणू मेला नाही. नेहमीप्रमाणे वाढला आणि ताण सहन करण्यात थोडा सरसच ठरला.